रॅगिंगची तक्रार लेखी आणि तारीखवार का हवी? सात दिवसांचं घड्याळ कधी सुरू होतं?

चतुर्थीची सुट्टी संपली की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याहून घाटावर आणि मुंबईकडे जाणाऱ्या एसटीत हॉस्टेलवर राहणारी पहिल्या वर्षाची मुलंही असतात. जून-जुलैत घर सोडल्यानंतर पहिल्यांदाच मोठ्या सुट्टीला आलेली ही मुलं कधी आईला, कधी मोठ्या भावाला हॉस्टेलवर काय चाललंय ते सांगतात. मग घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, वॉर्डनला फोन करू. कुणी म्हणतं, ओळखीच्या सरांच्या कानावर घालू. कुणी म्हणतं, पहिल्या वर्षी असं थोडं होतंच.

या चर्चेत एक गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते. कागदावर तारीख घालून, सही करून दिलेली तक्रार. आपल्या राज्याच्या कायद्यात कॉलेजच्या प्रमुखावर जी सर्वांत कडक जबाबदारी येते, ती त्या कागदावरच येते. तो कागद कसा लिहायचा, त्यात काय हवं, काय नको आणि तो दिल्यानंतर कोणत्या दिवशी काय व्हायला हवं, ते समजून घेऊ.

कायदा नेमकं काय म्हणतो?

महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा स्वतंत्र कायदा 1999 पासून आहे. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड, ही त्यातली शिक्षा बऱ्याच जणांना माहीत असते. गुन्हा सिद्ध झाला तर विद्यार्थ्याला कॉलेजमधून काढलं जातं आणि पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश मिळत नाही.

पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या खऱ्या उपयोगाची आहेत कलम 6 आणि कलम 7.

कलम 6 सांगतं की विद्यार्थी, त्याचे पालक किंवा शिक्षक यांच्यापैकी कुणीही संस्थेच्या प्रमुखाकडे लेखी तक्रार केली, तर प्रमुखाने ती मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आरोप असलेल्या विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार लगेच संबंधित पोलीस ठाण्याकडे पाठवायची. तथ्य दिसलं नाही तर तेही तक्रारदाराला लेखी कळवायचं. म्हणजे दोन्हीपैकी काहीही ठरलं तरी गप्प बसायची मुभा प्रमुखाला नाही.

कलम 7 त्याही पुढे जातं. तक्रार आल्यावर प्रमुखाने असं केलं नाही किंवा दुर्लक्ष केलं, तर त्याने रॅगिंगला चिथावणी दिली असं मानलं जातं. दोष सिद्ध झाला तर शिक्षा रॅगिंग करणाऱ्याइतकीच.

यातला सगळा भार 'लेखी' या एका शब्दावर आहे. फोनवर सांगितलं, केबिनमध्ये जाऊन बोललो, वडील भेटून आले, हे सगळं खरं असलं तरी त्यातून 'सातवा दिवस कोणता' ते ठरत नाही. कागदावर तारीख आणि पोच असेल तर ते कुणीही बोटावर मोजून सांगू शकतं.

मग तोंडी तक्रारीला किंमतच नाही का?

आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, 2009 चे नियम देशभरातल्या विद्यापीठांना आणि कॉलेजांना लागू आहेत. मार्च 2009 मध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने कडक भूमिका घेतली आणि हे नियम आले. हॉस्टेल कॅम्पसच्या आत असो की बाहेर, कँटीन असो की विद्यार्थ्यांची ने-आण करणारी बस, सगळीकडे ते लागू होतात.

या नियमांत 'माहिती मिळाली' एवढंही पुरतं. माहिती मिळाल्यावर प्रमुखाने फौजदारी गुन्हा घडलाय का ते ताबडतोब ठरवायचं आणि घडला असेल तर 24 तासांत पोलिसांत एफआयआर दाखल करायचा. पोलिसांची वाट न पाहता कॉलेजने स्वतःची चौकशीही चालू ठेवायची आणि प्रकार कळल्यापासून सात दिवसांत कारवाई पूर्ण करायची.

कागदावर हे भक्कम दिसतं. अडचण येते ती 'माहिती कधी मिळाली' या प्रश्नावर. विद्यार्थी म्हणतो, मी वॉर्डनना सांगितलं होतं. वॉर्डन म्हणतात, त्याने खोली बदलून मागितली होती, रॅगिंग हा शब्द काढला नव्हता. दोघांच्याही हातात कागद नाही.

महाराष्ट्राने हा वाद फार जड किंमत देऊन पाहिला आहे. 22 मे 2019 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या हॉस्टेलवर डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपवलं. त्या जळगावच्या होत्या, आदिवासी समाजातल्या होत्या आणि स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर आत्महत्येस प्रवृत्त करणं, ॲट्रॉसिटी कायदा आणि 1999 चा रॅगिंगबंदी कायदा यांखाली गुन्हा नोंदला गेला. त्रासाबद्दल आम्ही आधीच वरिष्ठांकडे तक्रार केली होती, असं कुटुंबीयांनी सांगितलं. आमच्याकडे लेखी तक्रार आली नव्हती, असं रुग्णालय प्रशासनाने सांगितलं.

त्या प्रकरणात कोण दोषी, हे न्यायालय ठरवेल. पण 'लेखी आलं नव्हतं' हे वाक्य एखाद्या संस्थेला किती सहज उच्चारता येतं, ते त्या वेळी साऱ्या राज्याने ऐकलं. ते वाक्य उच्चारताच येऊ नये, यासाठी कागद.

अशी तक्रार टिकत नाही

चिडून, घाबरून लिहिलेली पहिली तक्रार बहुतेकदा अशी असते:

'आमच्या हॉस्टेलवरचे सिनिअर रोज रात्री खूप त्रास देतात. वाईट शिव्या देतात, काहीही करायला लावतात. माझी मानसिक अवस्था बिघडली आहे. तरी कृपया त्यांच्यावर कडक कारवाई व्हावी.'

यातलं प्रत्येक वाक्य खरं असू शकतं. पण समितीसमोर ते वाचलं की पहिला प्रश्न येतो, रोज म्हणजे कधी? दुसरा, सिनिअर म्हणजे कोण? 'रोज' म्हटल्यावर त्यातल्या एका रात्री आरोपी गावी गेला होता एवढं दाखवलं तरी सगळ्या तक्रारीवर संशय घेता येतो. 'खूप त्रास' तपासता येत नाही. '22 जुलैला रात्री सव्वाअकरा' मात्र तपासता येतं.

म्हणून नियम सोपा आहे. विशेषणं काढा, तारखा घाला.

तारीखवार तक्रार कशी दिसते?

खालचा नमुना आम्ही समजावण्यासाठी तयार केला आहे. समजा, मालवण किनाऱ्यावरचा, मासेमारी करणाऱ्या घरातला एक मुलगा घाटावरच्या शहरात पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. 14 जुलै 2025 रोजी तो हॉस्टेलवर राहायला आला. सुट्टीत घरी असतानाच त्याने 30 ऑगस्टला ही तक्रार ईमेलने पाठवली. वर 'प्रति, प्राचार्य तथा अध्यक्ष, रॅगिंग प्रतिबंध समिती', खाली आपलं नाव, वर्ग, खोली क्रमांक आणि विषय लिहिल्यावर मजकूर असा:

'1. मंगळवार, 22 जुलै 2025. रात्री 10.52 ला हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर (नाव), तृतीय वर्ष, यांनी "फर्स्ट इयर सगळे 214 मध्ये या" असा मेसेज टाकला. मी 11.15 ला गेलो. खोलीत तृतीय वर्षाचे तीन विद्यार्थी होते (नावं). मला टेबलावर उभं राहून मालवणीत बोलायला सांगितलं आणि माझ्या बोलण्याची नक्कल केली. "अंगाला मासळीचा वास येतो" असं (नाव) म्हणाले. मी 12.40 ला बाहेर आलो. तेव्हा माझ्यासोबत पहिल्या वर्षाचे दोन विद्यार्थी होते (नावं).

2. शुक्रवार, 1 ऑगस्ट 2025. रात्री 9.20 च्या सुमारास (नाव) यांनी जेवण मागवून मला पैसे भरायला सांगितलं. मी यूपीआयने 640 रुपये भरले. व्यवहाराचा स्क्रीनशॉट सोबत आहे. पैसे परत मिळालेले नाहीत.

3. गुरुवार, 14 ऑगस्टची रात्र, म्हणजे तारखेने शुक्रवार, 15 ऑगस्ट 2025. अंदाजे 12.30 ते 1.15. खोली 214. दाराची कडी आतून लावली होती. मी "मला जाऊ द्या" म्हणालो तेव्हा (नाव) दारात उभे राहिले आणि त्यांनी मला जाऊ दिलं नाही. (नाव) यांनी माझ्या डाव्या कानाखाली दोनदा मारलं. शनिवार, 16 ऑगस्टला मी कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. केसपेपरची प्रत सोबत आहे.

मी हे आधी कळवलं नाही, कारण वॉर्डनना सांगितलं तर हॉस्टेल सोडावं लागेल असं मला 15 तारखेला सांगण्यात आलं होतं. 29 ऑगस्टला मी घरी आईवडिलांना सांगितलं.'

हे वाचायला रुक्ष वाटतं. तेच हवं आहे. कारण यातली प्रत्येक ओळ दुसऱ्या कशावर तरी पडताळून पाहता येते.

ओळीओळीत काय दडलंय?

पहिली नोंद पाहा. मुलाला मारलेलं नाही, पैसे घेतलेले नाहीत. 'फक्त गंमत केली' असं उत्तर इथे हमखास येतं. पण यूजीसीने 2016 मध्ये नियमांत दुरुस्ती केली. जात, धर्म, वर्ण, लिंग, दिसणं यांच्याबरोबरच प्रदेश, भाषिक ओळख, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण आणि आर्थिक परिस्थिती यांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळही रॅगिंग ठरतो. मालवणी बोलण्याची नक्कल आणि 'मासळीचा वास' हे थेट यात बसतं. म्हणूनच 'माझा अपमान केला' असं न लिहिता उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहायचे. शब्दांमध्ये जातीचा उल्लेख असेल आणि विद्यार्थी अनुसूचित जाती-जमातीचा असेल, तर ॲट्रॉसिटी कायदाही लागू होऊ शकतो. तेव्हा एकेका शब्दाला महत्त्व येतं.

दुसऱ्या नोंदीत आकडा आहे. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला 12 आकडी संदर्भ क्रमांक असतो आणि त्यात वेळ, रक्कम आणि पैसे कुणाला गेले ते येतं. तो क्रमांक स्क्रीनशॉटमध्ये दिसला पाहिजे. जेवण कोणाच्या नंबरवरून मागवलं, हे मग समिती शोधू शकते.

तिसऱ्या नोंदीत तारखेचा सापळा आहे. हॉस्टेलवरचे प्रकार बहुतेक मध्यरात्रीनंतर होतात. '14 ऑगस्टला रात्री साडेबारा' असं लिहिलं तर सीसीटीव्हीचं फुटेज बघणारा माणूस 14 तारखेच्या पहाटेचं बघतो आणि 'काहीच दिसत नाही' असं सांगतो. म्हणून रात्र कोणती आणि तारीख कोणती, दोन्ही लिहा.

याच नोंदीत 'कडी आतून लावली' आणि 'दारात उभे राहिले' ही वाक्यं आहेत. ती सहज गळतात, कारण मुलाच्या मनात मार राहतो, कडी राहत नाही. पण पोलिसांच्या हिशेबात फरक मोठा आहे. भारतीय न्याय संहितेत साधी मारहाण हा अदखलपात्र गुन्हा आहे. नुसत्या थपडेची तक्रार घेऊन गेलात तर बहुतेकदा एनसी होते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. एखाद्याला अडवून ठेवणं किंवा कोंडून ठेवणं मात्र दखलपात्र आहे. म्हणजे दाराच्या कडीमुळे एफआयआरचा रस्ता उघडतो. अर्थात कडी लावली नसेल तर ती लावली असं लिहायचं नाही. एक खोटा तपशील बाकीचे दहा खरे तपशील बुडवतो.

शेवटचा परिच्छेद उशिराचा खुलासा आहे. 'इतके दिवस गप्प का होतास?' हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर तक्रारीतच दिलं की नंतर रचल्यासारखं वाटत नाही.

आणखी एक. जे स्वतः पाहिलं आणि जे दुसऱ्याने सांगितलं, ते वेगवेगळं लिहा. 'दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांनाही मारतात' असं ऐकलं असेल, तर 'मला अमुक विद्यार्थ्याने अमुक तारखेला सांगितलं' असं लिहा. वेळ नक्की आठवत नसेल तर 'अंदाजे' हा शब्द वापरा. त्याने तक्रार कच्ची होत नाही, उलट लिहिणारा प्रामाणिक आहे हे दिसतं. आणि मारणाऱ्याचं नाव माहीत नसेल तरी थांबू नका. खोली क्रमांक, वर्ष, दिसणं, कुठल्या नावाने हाक मारत होते, एवढंही चालतं. दोषी नेमका ओळखता आला नाही तर सामूहिक शिक्षेची तरतूद यूजीसीच्या नियमांत आहे.

मोबाइलमधला पुरावा कसा जपायचा?

ग्रुपवरचे मेसेज हाच आज सर्वांत ठळक पुरावा असतो आणि तोच सर्वांत आधी नाहीसा होतो. सिनिअरनी ग्रुपवर Disappearing messages चालू केलं असेल तर ठरावीक मुदतीनंतर मेसेज आपोआप जातात. म्हणून मेसेज आला त्याच दिवशी स्क्रीनशॉट घ्या. पाठवणाऱ्याचं नुसतं नाव नको. ते नाव तुम्ही स्वतः सेव्ह केलेलं असू शकतं. त्याच्या प्रोफाइलवर जाऊन मोबाइल नंबर दिसेल असा दुसरा स्क्रीनशॉट घ्या.

त्यानंतर चॅटमधला Export chat हा पर्याय वापरून पूर्ण संभाषणाची फाइल स्वतःच्या किंवा घरच्यांच्या ईमेलवर पाठवा. यात प्रत्येक मेसेजसमोर तारीख आणि वेळ येते. तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकलं तरी आधीचं चॅट तुमच्या फोनमध्ये राहतं. रागाच्या भरात ते डिलीट करू नका.

स्क्रीनशॉट चौकशीला पुरतात, पण प्रकरण न्यायालयात गेलं तर मूळ फोन मागितला जाऊ शकतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणून प्रकरण चालू असेपर्यंत फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

सीसीटीव्ही तुमच्या हातात नसतं. रेकॉर्डरची जागा भरली की जुन्या फुटेजवर नवं चढतं. ते किती दिवसांनी होतं हे त्या यंत्रणेवर अवलंबून असतं. त्यामुळे तक्रारीच्या शेवटी एक ओळ जरूर घाला: 'वरील तारखांचं दुसऱ्या मजल्यावरील कॅमेऱ्याचं फुटेज आणि हॉस्टेलचं ये-जा रजिस्टर जतन करावं, ही विनंती.' फुटेज आधीच गेलं असेल तरी तसं उत्तर लेखी मिळतं आणि ते कधी गेलं हेही कळतं.

तक्रार कुठे द्यायची आणि पोच कशी घ्यायची?

तक्रार प्राचार्यांच्या किंवा संचालकांच्या नावे करा. कायद्यातली जबाबदारी संस्थेच्या प्रमुखाची आहे, वॉर्डनची नाही. वॉर्डनना प्रत द्या, पण फक्त त्यांच्याकडे देऊन थांबू नका.

ईमेल पाठवता येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार इलेक्ट्रॉनिक मजकूरही लेखी मानला जातो. तो पाठवल्याची वेळ नोंदली जाते आणि सही करून स्कॅन केलेली पीडीएफ जोडता येते. तरीही 'मेल पाहिलाच नाही' हे उत्तर टाळण्यासाठी छापील प्रतही द्या. कॉलेजच्या कार्यालयात आवक-जावक विभाग असतो. दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर वाद घालू नका. पोस्टात जा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा.

त्याच दिवशी यूजीसीच्या 1800-180-5522 या 24 तास चालणाऱ्या हेल्पलाइनवर किंवा helpline@antiragging.in वर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. यामुळे कॉलेजच्या बाहेरही एक नोंद तयार होते.

पोलिसांकडे जायचं असेल तर कॉलेजच्या गावी परतण्याची वाट पाहायची गरज नाही. दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असला तरी त्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हीच झिरो एफआयआर. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ती स्पष्टपणे आली आहे. म्हणजे सुट्टीत मालवणात असलेला विद्यार्थी मालवण पोलीस ठाण्यात ती देऊ शकतो आणि पुढे ती संबंधित ठाण्याकडे जाते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती घेतल्याशिवाय निघू नका.

दिवस मोजू या

आपल्या नमुन्यातली तक्रार 30 ऑगस्टला ईमेलने गेली. गुन्हा घडलाय असं दिसत असेल तर यूजीसीच्या नियमानुसार 31 ऑगस्टपर्यंत एफआयआर व्हायला हवा. राज्याच्या कायद्यानुसार 6 सप्टेंबरपर्यंत चौकशी होऊन एक तर निलंबन आणि तक्रार पोलिसांकडे, नाही तर 'तथ्य नाही' असं लेखी उत्तर यायला हवं. कॉलेजला सुट्टी होती हे कारण सांगितलं जाईल. कलमात सात दिवस असं आहे, कामकाजाचे सात दिवस असं नाही. तरीही छापील प्रत 4 सप्टेंबरला दिली असेल आणि कॉलेज तिथून मोजत असेल, तर 11 सप्टेंबर ही तारीख धरा आणि एवढ्यासाठी भांडत बसू नका.

ती तारीखही उलटली तर पाच ओळींचं स्मरणपत्र द्या. पहिल्या तक्रारीची तारीख, आवक क्रमांक, सात दिवस संपल्याची तारीख आणि 'कलम 6 नुसार झालेल्या कारवाईची लेखी माहिती द्यावी' ही मागणी. कलम 7 चा उल्लेखही करा. प्रत विद्यापीठाच्या रॅगिंगविरोधी नोडल अधिकाऱ्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा, कारण जिल्हास्तरीय समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. जिल्हा कॉलेजचा धरायचा, घरचा नाही. कॉलेज सिंधुदुर्गातच असेल तर पत्र सिंधुदुर्गनगरीला जाईल.

'मिटवून टाका' म्हटलं तर?

हे बहुतेक वेळा म्हटलं जातं. आरोपी मुलांचे पालक येतात, रडतात, माफीनामा लिहून देतात. कॉलेजमधले कुणीतरी तक्रारदाराच्या वडिलांना बाजूला घेऊन 'त्यांच्याही मुलाच्या करिअरचा प्रश्न आहे' असं सांगतात. कोकणातल्या माणसाला समोरच्याला तोडून बोलणं जड जातं, शिवाय मुलाला तिथेच तीन वर्षं काढायची असतात.

माफी स्वीकारायची की नाही हा कुटुंबाचा निर्णय आहे. पण माफी वेगळी आणि 'माझी काही तक्रार नाही' असा कागद वेगळा. दुसऱ्या कागदावर सही केली की पहिल्या कागदातली प्रत्येक तारीख निरुपयोगी होऊ शकते. सही मागितली तर घरी वाचून उद्या देतो असं सांगा. खरंच समेट करायचा असेल तर त्या कागदात काय घडलं ते, कुणी माफी मागितली ते आणि पुन्हा घडलं तर काय होईल ते लिहिलेलं असू द्या. दबाव टाकून सही घेतली असेल तर त्याच दिवशी ईमेलने तसं कळवा.

चौकशी चालू असताना 'सुरक्षेसाठी' तक्रार करणाऱ्यालाच दुसरीकडे हलवण्याचा सोपा मार्गही काढला जातो. स्वतःला हवं असेल तर खोली जरूर बदला, पण तशी विनंती आपण केली की कॉलेजने सांगितलं, हे लेखी राहू द्या.

एक मर्यादाही सांगायला हवी. कागद हे सगळ्या संकटावरचं औषध नाही. जीवाला धोका वाटत असेल, मारहाण चालू असेल तर आधी 112 वर फोन, मग कागद. आणि मुलगा जेवत नसेल, झोपत नसेल, 'नकोच आता काही' असं बोलत असेल तर तारखा जुळवत बसू नका. त्याला घरी आणा, त्याच्यासोबत राहा. टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर कधीही बोलता येतं. तक्रार पालकही करू शकतात, कायद्यात तशी तरतूद आहे.

ओझं कुणावर?

अठरा वर्षांच्या मुलाने मार खाल्ल्यावर कलमं, पोचपावत्या आणि आवक क्रमांक सांभाळायचे, हे न्याय्य नाही. लेखी तक्रार करायला लावणं हा कायद्याचा हेतू मुलांची अडवणूक करण्याचा नव्हता. प्रमुखाला बांधून घेण्याचा होता. अनेक ठिकाणी तो उलटा वापरला जातो. तोंडी सांगितलेलं ऐकून घ्यायचं, कागद येऊ द्यायचा नाही आणि नंतर कागद नाही म्हणायचं.

हे बदलायला नवा कायदा लागत नाही. तोंडी तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थ्यासमोर वॉर्डनने एक कोरा कागद आणि पेन ठेवावं, तारीख घालून लिहून घ्यावं आणि प्रत त्याच्या हातात द्यावी. ज्या कॉलेजला लपवायचं काही नाही, त्याला यात दहा मिनिटं लागतात. तोवर मात्र हॉस्टेलवर निघालेल्या मुलाच्या बॅगेत पालकांनी एक दोनशे पानी वही टाकावी आणि सांगावं, काही खटकलं तर त्याच रात्री तारीख घालून दोन ओळी लिही. तक्रार करायची वेळ कदाचित येणार नाही. आली, तर ती आठवणीवर लिहावी लागणार नाही.